एकच चाल, दोन आरत्या : सोसायटीच्या गणपतीत म्हटली जाणारी आरती नेमकी कोणती, हे कसे ओळखावे

लातूरच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या पहिल्याच संध्याकाळी एक छोटा गोंधळ ठरलेला असे. आरतीचे धृपद आले, की पार्किंगमध्ये उभे असलेले बहुतेक जण ‘दर्शनमात्रे मनकामना पुरती’ असे म्हणत; तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, त्यांच्या दोन सुना आणि नातू मात्र त्याच चालीत आणि त्याच टाळांवर ‘तुझे गुण वर्णाया मज कैची स्फूर्ती’ असे म्हणत. दोन्ही गटांचा शेवटचा स्वर एकाच ठिकाणी टेकत असल्यामुळे कोणी थांबत नसे, पण आरती संपल्यावर ‘बरोबर कोणते’ हा प्रश्न प्रसादाबरोबर हातोहात फिरे. आजी अंबाजोगाईच्या. त्यांचे उत्तर एवढेच असे, की आमच्यात असंच म्हणतेत.

सांस्कृतिक समितीने आरत्यांची पुस्तिका छापायचे ठरवले, तेव्हा ते काम माझ्याकडे आले आणि मी ते चुकीच्या पद्धतीने केले. आजींच्या घरची कडवी ही ‘सुखकर्ता दुखहर्ता’ या आरतीचीच पुढची कडवी असावीत असे गृहीत धरून मी ती चौथे, पाचवे आणि सहावे कडवे म्हणून छापून टाकली. चाल तीच, देव तोच आणि धृपदाचा पहिला अर्धा भागही तोच, तेव्हा आरतीही तीच असणार, असा माझा हिशेब होता. तो कुठे चुकला आणि पुढच्या वर्षी आम्ही ही आरती कशी ओळखली, ते येथे क्रमाने मांडतो.

चाल पुरावा का ठरत नाही

मराठीतल्या नेहमीच्या आरत्यांपैकी बऱ्याच आरत्या एकाच साच्यात बसवलेल्या आहेत. चार ओळींचे कडवे, त्या चारही ओळींच्या शेवटी एकच यमक, आणि प्रत्येक कडव्यानंतर ‘जय देव जय देव’ किंवा ‘जय देवी जय देवी’ने सुरू होणारे दोन ओळींचे धृपद, असा हा साचा आहे. ओळीची लांबी साधारणपणे 22 मात्रांच्या आसपास असते. मात्रा मोजण्याची रीत शाळेत शिकलेलीच असते : ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ अक्षराची दोन, आणि जोडाक्षराचा आघात ज्या अक्षरावर येतो त्याच्याही दोन. ‘सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची’ ही ओळ 6, 6, 4 आणि 6 अशी 22 मात्रांची होते. ‘नाना परिमळ दूर्वा शेंदुर शमिपत्रे’ ही आजींच्या आरतीची पहिली ओळ 4, 4, 4, 4 आणि 6 अशी पुन्हा 22 मात्रांचीच होते. ‘लवथवती विक्राळा ब्रह्मांडी माळा’ ही शंकराची आणि ‘दुर्गे दुर्घट भारी तुजविण संसारी’ ही देवीची ओळही तेवढीच भरते. काही ओळी एकदोन मात्रांनी, क्वचित तीन मात्रांनीही आखूड असतात, पण म्हणताना एखादा स्वर लांबवून ती उणीव सहज भरून निघते.

याचा अर्थ असा, की ज्याला एक चाल येते त्याला या साच्यातली कोणतीही आरती त्याच चालीत म्हणता येते, आणि घरोघरी तसेच घडत आले आहे. म्हणून ‘आमची चाल तीच आहे’ या विधानातून आरतीचा साचा कळतो, आरती कळत नाही. गाणे ओळखणारे मोबाइलवरचे ॲप या कामात फसते तेही याच कारणाने, कारण चाल गुणगुणली की ते त्या चालीतली सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका पुढे करते आणि आपण समाधानाने चुकीचे नाव लिहून घेतो.

धृपदाचाही पुरावा अर्धाच आहे, आणि आमच्या प्रकरणात सगळी गफलत तेथेच होती. ‘जय देव जय देव जय मंगलमूर्ती’ या ओळीला यमक साधणारी दुसरी ओळ हवी असते. ‘पुरती’ तेथे बसते आणि ‘स्फूर्ती’ही तितक्याच सहजपणे बसते. पहिली ओळ सामायिक, यमक सामायिक आणि चालही सामायिक असली, की समूहात म्हणताना एका आरतीचे धृपद दुसरीच्या कडव्यांना जोडले जायला वेळ लागत नाही. सोसायटीतली काही तरुण मंडळी आजींच्या मागे ‘नाना परिमळ’चे कडवे म्हणत आणि धृपद आले की सवयीने ‘दर्शनमात्रे’वर जात. माझ्या कानावर हेच मिश्रण पडले होते आणि मी ते मूळ समजून बसलो.

पहिली पायरी : शब्द मिळवणे

समूहाच्या आरतीचे ध्वनिमुद्रण या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी असते. झांजा आणि घंटा शब्दांचे शेवट खाऊन टाकतात. शिवाय समूहात बरेच जण ओळीचा पहिला शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पुढे सरकतात, त्यामुळे ऐकू येते ते त्या वेळी ज्याचा आवाज मोठा होता त्याचे म्हणणे. तरीही असे एक ध्वनिमुद्रण ठेवावे, कारण कोणता गट कोठे फुटतो हे त्यावरून नेमके कळते. फोन गायकांच्या बाजूला, झांजांपासून शक्य तितका दूर धरावा.

खरे काम त्या कुटुंबाच्या घरी जाऊन करावे लागते. सकाळची घाई उरकल्यानंतर किंवा दुपारच्या चहाच्या वेळी, जी व्यक्ती ती आरती लहानपणापासून म्हणत आली आहे तिच्याजवळ बसावे. ‘आजी, शब्द सांगा, मी लिहून घेतो’ असे म्हटले, की आजी दुसऱ्याच ओळीवर अडतात. हे विस्मरण नसते. आरती चालीसह पाठ झालेली असते आणि चाल काढून घेतली की शब्दांचा धागा तुटतो. म्हणून त्यांना टाळ्या न वाजवता, हळू आवाजात, पण चालीतच म्हणायला सांगावे आणि तेवढे ध्वनिमुद्रण करावे. आमच्या आजींनी बोलून सांगताना तीन ओळी सांगितल्या, आणि म्हणायला लागल्यावर तीनही कडवी न थांबता पूर्ण केली.

येथे दोन पथ्ये कसोशीने पाळावीत. पहिले म्हणजे पुस्तिका सोबत नेली तरी पिशवीतच ठेवावी. छापील ओळ आधी वाचून दाखवली, की समोरची व्यक्ती आदराने ‘हो, तेच ते’ म्हणून मोकळी होते आणि तिच्या घरचा पाठ कायमचा झाकला जातो. दुसरे म्हणजे शेवटचे कडवे मागून घ्यावे. सोसायटीत वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक आरतीचे एकच कडवे म्हणण्याची पद्धत असते. कवीचे नाव मात्र प्रथेप्रमाणे शेवटच्या कडव्यात येते, म्हणजे ओळख पटवणारा सर्वांत मोलाचा भाग नेमका न म्हटल्या जाणाऱ्या भागात राहतो. माझ्या हाती आजींची कडवी होती, पण ती मी त्यांच्या नातवाच्या वहीतून उतरवली होती आणि शेवटची ओळ त्याने ‘गोसावी नंदन रात नामस्मरणी’ अशी लिहिली होती. त्या ओळीत कोणाचे तरी नाव आहे हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही.

दुसरी पायरी : ऐकले तसे लिहिणे, मग वाचणे

ध्वनिमुद्रण ऐकून लिहिताना सुधारणा करायच्या नाहीत. वहीच्या डाव्या पानावर कानाला लागले तसे लिहावे आणि उजवे पान कोरे ठेवावे. आमच्या डाव्या पानावर ‘शेंदूर समीप पात्रे’, ‘वाजे वारण सेविका’ आणि ‘जोवर शशी तरुणी’ अशा ओळी होत्या. आजी बरोबर म्हणत होत्या की चूक, हे त्या क्षणी ठरवायची गरज नसते. पुष्कळदा म्हणणारी व्यक्ती बरोबर म्हणत असते आणि आपला कान चुकतो.

उजवे पान भरताना तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : अर्थ, यमक आणि मात्रा. ‘समीप पात्रे’ या शब्दांचा दूर्वा आणि शेंदूर यांच्याशी काही संबंध लागत नाही, पण पूजेच्या साहित्यात दूर्वांच्या शेजारी शमीची पाने असतातच, तेव्हा ती ‘शमिपत्रे’ आहेत हे अर्थावरून कळते. दुसऱ्या कडव्यातली ओळ ‘वाजी वारण शिबिका सेवक सुत युवती’ अशी आहे. वाजी म्हणजे घोडा, वारण म्हणजे हत्ती आणि शिबिका म्हणजे पालखी. ध्यान करणाऱ्याला मिळणाऱ्या वैभवाची ती यादी आहे हे एकदा कळले, की ‘वाजे’ हे क्रियापद तेथे टिकत नाही. ‘शशी तरुणी’ हा तर फारच गोड घोटाळा होता. तरणी म्हणजे सूर्य, आणि ‘कीर्ति तयांची राहे जोवर शशितरणी’ म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत त्यांची कीर्ती राहते. आजी ‘तरणी’च म्हणत होत्या आणि ‘तरुणी’ माझ्या कानाने लिहिली होती, हे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकल्यावर मान्य करावे लागले.

असे भेद तपासताना सवयीचे फरक आणि खरे फरक वेगळे ठेवावे लागतात. ‘सुखकर्ता’ या आरतीतच ‘उटी’ आणि ‘ओटी’, ‘संकटी’ आणि ‘संकष्टी’, ‘सदना’ आणि ‘सजणा’ असे भेद शेजारशेजारच्या दोन घरांत सापडतात; ‘फणिवरबंधना’चे ‘फळीवर वंदना’ होते हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. हे सगळे एकाच आरतीचे उच्चारभेद किंवा ऐकीव भेद आहेत, त्यांनी आरती बदलत नाही. धृपदाच्या मध्ये येणारे ‘हो’ आणि ‘ओ’, किंवा ‘श्रीमंगलमूर्ती’ची पुनरुक्ती, ही चालीची भर आहे, ती कंसात टाकून मोजणीतून वगळावी. ओळ मुळातूनच वेगळी असेल, म्हणजे तिच्यातली नामे आणि क्रियापदेही दुसरी असतील, तेव्हाच ‘ही दुसरी आरती आहे का’ हा प्रश्न विचारायचा.

तिसरी पायरी : यमकाची तपासणी

कडवी मिसळली आहेत की काय, हे ओळखायला यमकासारखे साधन नाही. साचा असा आहे, की एका कडव्याच्या चारही ओळी एकाच अक्षरावर उतरायला हव्यात. ‘सुखकर्ता’च्या पहिल्या कडव्यात विघ्नाची, जयाची, शेंदुराची, मुक्ताफळांची असा ‘ची’ आहे आणि तिसऱ्यात बंधना, त्रिनयना, सदना, सुरवरवंदना असा ‘ना’ आहे. मधल्या कडव्यात कुमरा, केशरा आणि बरा यांच्यानंतर ‘घागरिया’ येते, म्हणजे तेथे यमक थोडे सैल आहे. एखाद्या ओळीचे यमक जरा ढळले म्हणून ती परकी ठरवण्याची घाई करू नये, हे यावरून लक्षात ठेवावे.

आजींच्या कडव्यांना हीच कसोटी लावली तेव्हा पहिल्या कडव्यात शमिपत्रे, पात्रे, मंत्रे, क्षणमात्रे. दुसऱ्यात करिती, हरती, युवती, तरती. आणि तिसऱ्यात चरणी, शशितरणी, करणी, नामस्मरणी असे शेवट निघाले. तीनही कडवी आतून घट्ट होती, त्यांत कोठेही ठिगळ नव्हते. एखादे कुटुंब दोन आरत्यांच्या ओळी एका कडव्यात मिसळून म्हणत असते, तर ‘त्रे’च्या रांगेत मध्येच ‘ची’ आले असते. म्हणजे हे तीन कडव्यांचे स्वतंत्र आणि पूर्ण पद होते आणि त्याला आपली सुरुवात व आपला शेवट होता. मी त्याला दुसऱ्या आरतीची शेपटी करून टाकले होते. सहा कडव्यांची माझी छापील आरती पाहिली असती, तर कोणाही जाणकाराला एक विसंगती लगेच दिसली असती : कवीचे नाव तिसऱ्या कडव्यात एकदा येऊन जाते आणि सहाव्यात दुसरेच नाव पुन्हा येते. एकाच आरतीत दोन कवींच्या मुद्रा आल्या, तर ती आरती जोडलेली आहे, असे बेलाशक समजावे.

चौथी पायरी : नाममुद्रा वाचणे

नाममुद्रा म्हणजे शेवटच्या कडव्यात गुंफलेले कवीचे नाव. ते सरळ येतेच असे नाही. ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ ही ओळ वर्षानुवर्षे म्हणणाऱ्या कित्येकांना तेथे समर्थ रामदासांचे नाव आहे हे जाणवलेले नसते, कारण ‘रामदास’ हा शब्द तेथे फोडून उलटा ठेवलेला आहे. दत्ताच्या ‘त्रिगुणात्मक त्रैमूर्ती’ या आरतीत ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा येते. ती एकनाथांची आहे आणि जनार्दन हे त्यांच्या गुरूंचे नाव आहे. ‘युगे अठ्ठावीस’ या विठ्ठलाच्या आरतीत ‘केशवासी नामदेव’ अशी मुद्रा येते. नेहमीच्या आरत्यांवरच्या या तीनही मुद्रा आपल्या मराठवाड्याशी बांधलेल्या आहेत : समर्थांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्यात आहे, एकनाथ पैठणचे आणि नामदेवांचे गाव म्हणून परंपरा हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीकडे बोट दाखवते. आमच्याकडच्या घरांत या आरत्यांविषयी ‘आमची’ असा जो सूर निघतो, त्याला एवढा आधार नक्की आहे.

आजींच्या आरतीची शेवटची ओळ ‘गोसावीनंदन रत नामस्मरणी’ अशी आहे. नातवाने ‘रात’ लिहिले होते, पण ‘रत’ म्हणजे रमलेला हा शब्द घेतला की वाक्य पूर्ण होते : गोसावीनंदन नावाचा कवी नामस्मरणात रमलेला आहे. हे नाव दुसऱ्या एका आरतीमुळे अनेकांच्या कानावरून गेलेले असते. ‘शेंदुर लाल चढायो अच्छा गजमुखको’ या हिंदी वळणाच्या गणपतीच्या आरतीतही ‘गोसावीनंदन निशिदिन गुण गावे’ असे येते. म्हणजे मराठीतली ‘नाना परिमळ दूर्वा’ आणि हिंदी वळणाची ‘शेंदुर लाल’ या दोन आरत्यांवर एकच मुद्रा आहे, आणि ती रामदासांची मुद्रा नाही. काही पुस्तिकांमध्ये गणपतीच्या सगळ्याच आरत्यांखाली रामदासांचे नाव छापलेले दिसते. आरतीच्या पोटात दुसरे नाव असताना तो मथळा स्वीकारू नये.

मुद्रेवरून कवीचा अंदाज येतो, तिने आरती मात्र ठरत नाही, कारण एकाच कवीच्या अनेक आरत्या असतात. आणखी एक सापळा मराठवाड्यात हमखास पुढे येतो. नवरात्रात माहूरच्या रेणुकेची आरती म्हणणाऱ्या घरांत ‘विष्णुदास’ ही मुद्रा ऐकू येते, आणि ‘येई हो विठ्ठले’ म्हणणाऱ्या घरांत ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा ऐकू येते. माहूरच्या रेणुकेवर पदे रचणारे विष्णुदास हे अलीकडच्या काळातले, एकोणिसाव्या शतकात जन्मलेले कवी आहेत. ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा कितीतरी जुनी आहे, आणि संत नामदेवांहून वेगळा असा त्या नावाचा एक नंतरचा कवीही अभ्यासक मानतात. मुद्रेतला एक शब्द सुटला तर काही शतकांचा फरक पडतो. म्हणून मुद्रा असलेली ओळ नेहमी पूर्ण लिहून घ्यावी. नुसते ‘विष्णुदास’ टिपून परतू नये.

पाचवी पायरी : छापील पाठाशी ताडणे

एवढे झाल्यावर आरतीसंग्रह उघडावा. शोध पहिल्या ओळीवरून घ्यावा, देवाच्या नावावरून घेऊ नये, कारण ‘गणपतीची आरती’ या मथळ्याखाली तीनचार वेगवेगळ्या रचना असतात आणि घाईत पहिलीच हाताला लागते. देवळाबाहेर मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका या कामाला चालतात, परंतु त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. दोन पुस्तिकांमध्ये एकच मुद्रणदोष त्याच जागी दिसला, तर त्या दोन साक्षी धरायच्या नाहीत, एकच साक्ष दोनदा छापली आहे असे समजायचे. रामदास, एकनाथ किंवा नामदेव यांची मुद्रा असेल तर त्यांच्या रचनांच्या गाथा सार्वजनिक वाचनालयात मिळू शकतात आणि तेथे पाहणे केव्हाही चांगले.

आमच्या आरतीसाठी मी वेगवेगळ्या जागी छापलेले दोन संग्रह घेतले आणि आजींच्या पाठाच्या उजव्या पानाशी ओळ न ओळ लावून पाहिले. ‘नाना परिमळ दूर्वा’ ही तीन कडव्यांची आरती दोन्हींत स्वतंत्रपणे छापलेली होती, धृपद ‘तुझे गुण वर्णाया मज कैची स्फूर्ती’ हेच होते आणि शेवटी गोसावीनंदनाची मुद्रा होती. आजींच्या म्हणण्यात एकच खरा शब्दभेद उरला. त्या ‘अष्टसिद्धी नवनिधि’ म्हणत आणि छापलेले होते ‘अष्टहि सिद्धी नवनिधि’. येथे मात्रा मोजून पाहावी. आजींच्या पाठात ‘अष्टसिद्धी’ या शब्दाच्या 7 मात्रा होतात, तर छापील ‘अष्टहि सिद्धी’च्या 8 होतात आणि त्यांनी ओळ पूर्ण 22 भरते. ‘हि’ गळाला असावा असे त्यावरून दिसते. तरी एका मात्रेची उणीव चाल सहज भरून काढते, त्यामुळे आजींना ती ओळ कधीच अडली नाही, आणि मीही त्यांना ती सुधारायला सांगितले नाही.

निर्णय आणि त्याच्या मर्यादा

या सगळ्या तपासणीतून चार निष्कर्षांपैकी एक निघतो. शब्दांचे उच्चार तेवढे वेगळे आणि मुद्रा एकच, तर ती एकच आरती आहे आणि घरोघरचे पाठ वेगळे आहेत. पहिली ओळ, यमके आणि मुद्रा ही तिन्ही वेगळी, तर चाल एक असूनही त्या दोन आरत्या आहेत. कडवी एका आरतीची आणि धृपद दुसरीचे, तर ते समूहात झालेले मिश्रण आहे. अशा वेळी कडव्यांवरून नाव द्यावे, धृपदावरून देऊ नये. चौथी शक्यता अशी, की आरती कोणत्याच संग्रहात सापडत नाही. मराठवाड्यातल्या गावागावांत ग्रामदैवताची, कुलदेवीची किंवा एखाद्या मठाच्या महाराजांची आरती स्थानिक कीर्तनकाराने अथवा घरातल्याच आजोबांनी याच चालीत बसवलेली असते. तिच्यात मुद्रा नसेल तर कवी शोधण्याचा हट्ट सोडावा. पहिली ओळ, कुटुंबाचे मूळ गाव आणि आरती कोणाकडून शिकलो याविषयी त्यांनी सांगितलेली माहिती एवढे लिहून ठेवावे. मुद्रा नसलेल्या आरतीला केवळ भाषा जुनी वाटते म्हणून एखाद्या संताचे नाव चिकटवणे, ही मी केलेल्या चुकीपेक्षाही वाईट चूक ठरेल, कारण ती पुढे कोणालाच पकडता येत नाही.

कुटुंबाने आरती कोठून आणली हे विचारताना ‘तुमची पद्धत कोणती’ असे मोघम विचारू नये. ‘आजी, ही तुम्ही माहेरी शिकलात की सासरी?’ असे विचारावे. लग्नाबरोबर आरत्या गावे बदलतात, आणि एकाच घरात सासूचा पाठ वेगळा व सुनेचा वेगळा असणे अगदी नेहमीचे आहे. आमच्या आजींनी ही आरती अंबाजोगाईला माहेरी, वडिलांच्या तोंडून घेतली होती. सासरी ‘सुखकर्ता’ म्हणत, आणि त्या दोन्ही म्हणत आल्या. सोसायटीत त्यांच्या आवाजातली माहेरचीच आम्हाला ऐकू येई, कारण ‘सुखकर्ता’त त्यांचा आवाज सगळ्यांत मिसळून जात होता.

छापताना

नव्या पुस्तिकेत आम्ही प्रत्येक आरतीचा मथळा म्हणून तिची पहिली ओळ दिली आणि देवाचे नाव त्याखाली लहान अक्षरांत घातले, त्यामुळे गणपतीच्या तीनही आरत्या अनुक्रमणिकेत वेगळ्या दिसू लागल्या. धृपद प्रत्येक आरतीखाली पूर्ण छापले. ‘जय देव जय देव…’ असे टिंब देऊन सोडले नाही, कारण टिंब पाहिले की लोक तोंडात बसलेले धृपद म्हणतात आणि मिश्रण पुन्हा सुरू होते. मुद्रेचा शब्द ठळक केला. घरोघरचे पाठभेद तळाशी एका ओळीत दिले, आणि त्यांना ‘अशुद्ध’ म्हटले नाही.

म्हणण्याचा क्रमही बदलावा लागला. ‘सुखकर्ता’च्या लगेच मागे ‘नाना परिमळ’ घेतली की धृपद पुन्हा ‘दर्शनमात्रे’वर घसरते, हे पहिल्या दोन संध्याकाळी दिसून आले. म्हणून आता ‘सुखकर्ता’नंतर शंकराची आणि देवीची आरती घेतो, त्यानंतर आजी ‘नाना परिमळ’ सुरू करतात, आणि त्यांचा नातू पहिल्या धृपदाला पुस्तिका डोक्यावर उंच धरून ‘तुझे गुण’ एवढे दोन शब्द इतरांच्या आधी, जरा मोठ्याने म्हणतो.